हाडं भक्कम, तरी उंच माणसाचा खुबा का मोडतो?

*डॉक्टर, माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. उंची १८५ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. बोन डेन्सिटीची तपासणी केली, खुब्याचा टी-स्कोअर उणे ०.४ आला, म्हणजे हाडं चांगली आहेत. माझे मामा त्यांच्याच वयाचे, उंची १६०, वजन ५७ किलो, त्यांचा स्कोअर उणे १.२. तरी डॉक्टरांनी बाबांनाच बजावलं, “तुम्ही उंच आहात, पडू नका, खुबा सांभाळा.” या वर्षी बाबा दोनदा तोल जाऊन पडले, पण लागलं नाही. ते म्हणतात, “माझी हाडं लोखंडाची आहेत, मला काय होतंय?” उंचीचा आणि खुब्याचा काय संबंध, हे मला त्यांना समजावून सांगता येत नाही.*
*– काळजीत पडलेली मुलगी*

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि बाबांचा रिपोर्टही चुकीचा नाही.

आधी एवढं सांगते की ही कुणा एका डॉक्टरची समजूत नाही. अमेरिकेत नव्वद हजारांहून अधिक परिचारिकांच्या आरोग्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. त्यावरून १९९५ साली असं दिसलं की पाच फूट आठ इंच किंवा त्याहून उंच असलेल्या स्त्रियांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण पाच फूट दोन इंचांहून कमी उंचीच्या स्त्रियांच्या दुपटीपेक्षा जास्त होतं. पुरुषांवरच्या तशाच एका अभ्यासात सहा फुटी पुरुष आणि पाच फूट नऊ इंचांच्या आतले पुरुष यांच्यात साधारण तेवढाच फरक आढळला. त्यानंतर इतर देशांतल्या अभ्यासांतही फरक कमीजास्त निघाला, पण दिशा तीच राहिली.

आता बाबांचा रिपोर्ट हातात घ्या. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी केलेली तुलना. त्याच्या शेजारी बीएमडीचा, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या घनतेचा, आकडा असेल आणि त्याचं एकक ‘ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर’ असं छापलेलं असेल. या ‘चौरस’ शब्दापाशी जरा थांबा. हाड ही भरीव वस्तू आहे, तिची घनता खरं तर ‘घन’ सेंटिमीटरमध्ये मोजायला हवी. पण ही तपासणी करणारं डेक्सा मशीन समोरून क्ष-किरण सोडतं आणि हाडाची सावली पाहतं. सावलीला लांबी-रुंदी असते, जाडी नसते. हाड जितकं जाड, तितकं जास्त खनिज त्या किरणांच्या वाटेत येतं आणि मशीनला ते ‘घट्ट हाड’ वाटतं.

एक साधा हिशोब करून पाहा. एकाच मालाचे दोन ठोकळे घ्या. पहिल्याचा बीएमडी ०.८० येतो असं धरू. दुसरा ठोकळा अगदी त्याच मालाचा, फक्त सगळ्या बाजूंनी दहा टक्के मोठा. मशीन त्याला ०.८८ देईल. माल तोच, आकडा वाढला. टी-स्कोअरच्या भाषेत हा फरक अर्ध्या अंकाहून जास्त भरतो. तुमचे बाबा आणि मामा यांच्या स्कोअरमध्ये अंतर आहे ०.८ चं. बाबांची चण मोठी असल्यामुळे या अंतराचा बराचसा भाग निव्वळ आकाराचा असू शकतो. म्हणून ‘बाबांचं हाड मामांच्या हाडापेक्षा दर्जाने सरस’ असा निष्कर्ष या दोन आकड्यांवरून काढता येत नाही. उंच माणसाचा रिपोर्ट थोडा उजळ दिसतो आणि लहान चणीच्या माणसाचा थोडा फिका, एवढं लक्षात ठेवून तो वाचायचा. (मामांनीही स्वस्थ बसू नये. उणे १.२ म्हणजे घनता थोडी कमीच आहे, त्यांनी डॉक्टरांना दाखवायला हवं.)

अर्थात मोठं हाड हे खरोखरच जास्त ताकदीचंही असतं. जाड बांबू बारीक बांबूपेक्षा सहज वाकत नाही, तसंच. पण उंच माणसाच्या बाबतीत इथे एक मेख आहे. त्यांची हाडं लांबी-रुंदीला वाढलेली असतात, पण बाहेरची कडक भिंत त्या मानाने जाड झालेली नसते. उंच स्त्रियांच्या हाडांचे बारकाईने स्कॅन काढले तेव्हा भिंत आकाराच्या मानाने पातळ आणि आतून जास्त सच्छिद्र निघाली. उंच स्त्रियांमधल्या फ्रॅक्चरच्या जादा धोक्याचा काही भाग या सच्छिद्रतेने समजतो. वाढीच्या वयात ज्याला भराभर उंची गाठायची असते, त्याच्या हाडाला भिंत लिंपून घट्ट करायला सवड कमी मिळते, असं त्यामागचं कारण मानलं जातं. ही छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की नेहमीच्या डेक्सा रिपोर्टमध्ये ती वेगळी दिसत नाहीत.

हे झालं हाडाचं. पण खुबा मोडायला हाडाइतकंच पडणं जबाबदार असतं. खुब्याची दहातली नऊहून जास्त फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात. म्हणून पडताना नक्की काय होतं ते पाहू.

उभ्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण उंचीच्या ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या जरा खाली असतो. बाबांचा तो जमिनीपासून सुमारे १०२ सेंटिमीटरवर येतो, मामांचा ८८ वर. बाबा पडले तर त्यांचं शरीर १४ सेंटिमीटर जास्त उंचीवरून खाली येतं. शिवाय दोघांचाही बांधा सडपातळच असला तरी, उंचीमुळे बाबांचं वजन १९ किलोने जास्त आहे. दोन्ही एकत्र धरले तर उभं असताना बाबांच्या शरीरात साठलेली ऊर्जा सुमारे ७६० जूल आणि मामांच्या शरीरात सुमारे ४९० जूल, म्हणजे बाबांची दीडपट. ती सगळी हाडावर आदळत नाही. पण खुब्यावर बसणाऱ्या तडाख्याचा ढोबळ हिशोब केला, दोघांची गादी सारखीच धरली, तरी तो बाबांच्या बाबतीत जवळपास सव्वापट येतो.

‘गादी’ म्हणजे काय ते सांगते. कमरेच्या बाजूला हात लावा आणि मांडी जिथे सुरू होते तिथे दाबून पाहा. एक टणक उंचवटा लागतो. मांडीच्या हाडाचं ते बाहेरचं टोक आहे. त्याच्यावरची कातडी आणि चरबी हीच खुब्याची गादी. सडपातळ माणसाच्या अंगावर ती बोटभरही नसते. उंच आणि किडकिडीत बांधा असेल तर तडाखा मोठा आणि गादी पातळ, असा दुहेरी तोटा होतो. म्हणूनच उंच वृद्ध माणसाचं वजन कारण नसताना उतरायला लागलं की मी सावध होते. वजन घटल्याने तडाखा थोडा कमी होत असेल, पण गादी आणि स्नायू दोन्ही त्याहून वेगाने जातात.

आता ‘माझी हाडं लोखंडाची आहेत’ या बाबांच्या वाक्याकडे वळते. या वाक्याने मी अनेक माणसं निर्धास्त झालेली आणि मग ऑपरेशनच्या टेबलावर आलेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांडीचं हाड सरळ खांबासारखं नसतं. वरच्या टोकाला ते आत वळतं, तिथे एक आखूड मान असते आणि मानेच्या टोकाला गोळा. हा गोळा कमरेच्या खोबणीत बसतो. आपण उभे असतो किंवा चालतो तेव्हा अंगाचा भार गोळ्यावर वरून येतो आणि मान खाली वाकू पाहते. त्यामुळे मानेची खालची भिंत दाबली जाते आणि वरच्या भिंतीवर त्या मानाने कमी जोर येतो. आयुष्यभर हेच चालतं. हाडाचा स्वभाव असा, की जिथे भार पडतो तिथे ते जाड राहतं आणि जिथे पडत नाही तिथे झिजतं. वय वाढतं तशी मानेची खालची भिंत चालण्यामुळे बऱ्यापैकी टिकून राहते, पण वरची, बाहेरच्या बाजूची भिंत पातळ होत जाते. काहींच्या बाबतीत ती कागदासारखी होते.

कुशीवर पडताना मात्र सगळं उलटं होतं. जमीन बाहेरच्या उंचवट्यावर आदळते, आतला गोळा खोबणीत अडकलेला असतो, आणि मधल्या मानेवर उलट्या दिशेने जोर येतो. आता दाबली जाते ती वरची पातळ भिंत. पत्र्याचा डबा दाबल्यावर जसा चेपतो तशी ती आधी चेपते, आणि मग चीर पूर्ण मानेतून जाते. चालण्यासाठी जे हाड लोखंडाचं असतं, ते कुशीवर पडण्यासाठी तसं असेलच असं नाही. बाबांचा रोजचा फेरफटका अजिबात बंद करू नका, पण त्याने ही वरची भिंत फारशी राखली जात नाही, हे त्यांना सांगा.

यात उंचीचा आणखी एक हात आहे. बाहेरच्या उंचवट्यापासून मान आणि गोळा ओलांडून कमरेच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजता येतं. ते साधारण दहा-अकरा सेंटिमीटर असतं आणि उंच माणसांमध्ये जास्त. लांब दांडीच्या टोकावर जोर दिला की ती लवकर मोडते, तसंच इथे होतं. १९९३ साली वृद्ध स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, हाडाची घनता हिशोबात घेऊनसुद्धा, हे अंतर जितकं जास्त तितका धोका वाढलेला दिसला. काही डेक्सा मशीनं हे अंतर मोजू शकतात, पण त्यासाठी मुद्दाम वेगळी तपासणी करून घेऊ नका. त्या आकड्यावर कुठलंही औषध ठरत नाही, आणि बाबांची मान आखूड करता येणार नाही.

एक दिलासा देते, कारण तुमचं पत्र वाचताना भीती जाणवली. वयस्कांच्या पडण्यांपैकी शंभरात एखाद-दुसऱ्या वेळीच खुबा मोडतो. बाकी वेळा हात टेकतो, गुडघा टेकतो, माणूस पार्श्वभागावर बसतो, भिंतीचा आधार मिळतो आणि ऊर्जा वाटेत जिरून जाते. सगळा फरक पडतो तो आपण कसे पडतो यावर. पुढे चालताना ठेच लागली तर माणूस पुढे पडतो आणि हातांवर येतो. साठीच्या आसपास मनगटं जास्त मोडतात ती यामुळे. पुढे चाल मंदावते, हात वेळेवर पुढे येत नाही आणि माणूस उभ्या जागी, वळताना किंवा उठताना कुशीवर कोसळतो. तेव्हा खुबा सापडतो.

म्हणून बाबांना विचारा की ते दोनदा पडले ते कसे पडले. तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं आहे. पुढे पडले की बाजूला? चालताना, वळताना की उठताना? दिवसा की रात्री उठल्यावर? हात टेकवता आला का? वर्षात दोनदा पडणं हे टी-स्कोअरपेक्षा मोठं लक्षण आहे, लागलेलं नसलं तरी. उठताना पडले असतील तर रक्तदाब तपासा. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा त्यामागे रक्तदाबाची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी असते आणि ती बदलता येते. मात्र स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका.

घरात उंच माणसाची एक वेगळी अडचण असते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खुर्च्या, पलंग, कमोड सगळं मध्यम उंचीच्या माणसासाठी बनवलेलं असतं. बाबा कमोडवर बसतात तेव्हा त्यांचे गुडघे कमरेच्या वर येत असतील, तर उठताना त्यांना पुढे झोकून एक हिसका द्यावा लागतो. त्या हिसक्यात तोल जातो. बाबांना खुर्चीवर बसवा आणि बाजूने बघा. पाऊल जमिनीवर सपाट असताना मांडी जमिनीला समांतर किंवा पुढे किंचित उतरती असायला हवी. तशी नसेल तर कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवा आणि पलंगाच्या पायांखाली पक्के, न सरकणारे ठोकळे द्या. आधाराची दांडी बसवायची झाली, तर जागा बाबांना बसवून, हात लांबवायला सांगून ठरवा. दुसऱ्या कुणाच्या मापाने बसवलेली दांडी त्यांना वाकायला लावते.

काठीचंही तसंच. बाबा काठी वापरत असतील तर त्यांना नेहमीच्या चपला-बुटांत ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा आणि मनगटाच्या आतल्या घडीची उंची मोजा. काठीची मूठ तिथे यायला हवी. उंच माणसांच्या हातात मी बहुतेक वेळा आखूड काठी पाहते. ते काठीच्या बाजूला कलतात आणि त्याच बाजूला पडतात.

व्यायामात चालण्याला एका गोष्टीची जोड द्या: बाजूला पाय टाकण्याची. ओट्याला किंवा जड टेबलाला हात धरून उजवीकडे दहा पावलं आणि डावीकडे दहा पावलं, मग एकेका पायावर जमेल तितके सेकंद उभं राहणं. कमरेच्या बाजूचे स्नायू कुशीवर पडण्यापासून वाचवतात आणि सरळ चालण्यात त्यांना पुरेसं काम मिळत नाही. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. वळताना एका पायावर गर्रकन फिरायचं नाही, घड्याळाच्या काट्यासारखी छोटी छोटी पावलं टाकत वळायचं, ही सवय मी उंच रुग्णांना आवर्जून लावते. आणि तोल गेलाच तर ताठ राहण्याचा हट्ट न धरता गुडघे वाकवून खाली बसू पाहायचं. गुडघे वाकले की मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात आणि उरलेली उंची कमी होते. उंच माणसाला याचा फायदा सगळ्यात जास्त.

बाबांची आजची उंचीही एकदा मोजा आणि त्यांना तरुणपणीची विचारा. पूर्वीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगा. मणका न कळत दबलेला असू शकतो, आणि मग खुब्याचा टी-स्कोअर कितीही चांगला असला तरी उपचार बदलतात.

आणि बाबा पुन्हा पडलेच तर ‘हाडं चांगली आहेत, मोडलं नसेल’ असं घरात कुणी म्हणू देऊ नका. खुबा मोडल्यावर पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला तर कळतंच. पण कधी कधी मोडलेले तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना, चालतो. दुखतं ते जांघेत, आणि काहींना फक्त गुडघ्यात. अशा वेळी पहिल्या एक्स-रेमध्ये फट दिसेलच असं नाही. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, त्या पायावर भार टाकवत नसेल आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवत असतील, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल तिथल्या तिथे विचारा. तोवर बाबांना चालवू नका. रुतलेला खुबा जागेवर असताना कळला तर बऱ्याचदा स्क्रू घालून काम भागतं, तो सरकल्यावर गोळाच बदलायची वेळ येऊ शकते.